पाच सेंटिमीटर कुठून आले

एप्रिलमध्ये बीरगावात पांढरा कागद पांढरा राहत नाही. स्टाफरूमची खिडकी उघडी ठेवली तर कारखान्यांकडून येणारी काळी धूळ उत्तरपत्रिकांवर बसते, आणि बंद ठेवली तर आपणच उकडून निघतो. मी उघडी ठेवते. पत्रिकेवर माझ्या अंगठ्याचे काळे ठसे उमटतात, ते पुसायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही. तीस वर्षं गणित शिकवतेय, शहरातल्या ब्राह्मणपाऱ्यातून इथवर रोज स्कूटीने येते, आणि दर एप्रिलला वाटतं की यंदाचा गठ्ठा गेल्या वर्षीपेक्षा जाड आहे. नसतो. मीच जुनी होत चालले आहे.

नववीची वार्षिक परीक्षा संपली होती. आमच्या शाळेत आपल्या वर्गाच्या पत्रिका आपण तपासायच्या नाहीत, असा नियम आहे. म्हणून क्षमाच्या 'ब' तुकडीचा गठ्ठा माझ्याकडे आणि माझ्या 'अ' तुकडीचा तिच्याकडे. क्षमा तीन वर्षांपूर्वी कंत्राटावर लागली. पुरानी बस्तीत राहते, नवऱ्याचं दुकान बसल्यापासून घर तिच्याच पगारावर चालतं. दरवर्षी एप्रिलअखेर तिचं कंत्राट संपतं आणि दरवर्षी शाळेची कमिटी ते पुढे ढकलते, मेहेरबानी केल्यासारखं.

बाकी गणित तपासणं सोपं. उत्तर आलं की आलं. रचनेचा प्रश्न मात्र डोळे खातो. मुलांना कंपास आणि पट्टी एवढंच वापरायचं असतं, आणि कंपासने मारलेले कंस कागदावर ठेवायचे असतात, कारण आकृती कशी काढली याचा तोच पुरावा. पण आमच्या पोरांना स्वच्छतेचं वेड. आईने घासलेल्या भांड्यासारखी आकृती लख्ख हवी म्हणून कंस खोडून टाकतात. काही जण त्याच्या उलट. चांदा, म्हणजे कोनमापक, लावून कोन काढायचा, पट्टीने रेघ ओढायची आणि मग वरून हाताने दोन कंस चिकटवून द्यायचे, लग्नात उसने दागिने घालावेत तसे. अशा वेळी मी कागद उलटा करते आणि मागच्या बाजूने अंगठा फिरवते. कंपासचं टोक रुतलं असेल तर मागे बारीक टेंगूळ लागतं. टेंगूळ असेल आणि कंस नसेल तर पोराने काम केलंय, पण खोडलंय. कंस असेल आणि टेंगूळ नसेल तर पोराने मला मूर्ख समजलंय. पहिल्याचा एक गुण कापते, दुसऱ्याचे सगळे.

यंदाचा प्रश्न पाच गुणांचा होता. त्रिकोण ABC काढा, BC पाच सेंटिमीटर, कोन B साठ अंश, आणि AB व AC यांची बेरीज दहा सेंटिमीटर. पायऱ्या लिहा, समर्थन द्या. पुस्तकातली रीत ठरलेली आहे. BC काढा. B वर कंपासने साठ अंशाचा कोन करून किरण काढा. किरणावर B पासून दहा सेंटिमीटरवर D घ्या. D आणि C जोडा. DC चा लंबदुभाजक काढा, म्हणजे C आणि D दोन्हीकडून वर-खाली कंस मारा. तो दुभाजक BD ला जिथे छेदतो तो A. मग AD आणि AC सारखे, म्हणून AB आणि AC ची बेरीज BD इतकी, म्हणजे दहा. झालं समर्थन. मुख्याध्यापक नरहरी सरांनी प्रश्नपत्रिकेसोबत आदर्श उत्तर दिलं होतं, त्यात कोणत्या कंसाला किती गुण तेही. कोनाचा एक, BD आणि DC चा एक, दुभाजकाचा एक, पायऱ्या एक, समर्थन एक. मोजमापात दोन मिलिमीटरपर्यंत माफ.

तर मी हे बघत होते. कोनाचे कंस आहेत, टिक. D आहे, टिक. दुभाजकाचे चारही कंस आहेत, टिक. आपण म्हणतो आकृती तपासली, पण खरं तर कंस मोजतो. त्रिकोणाकडे कोण बघतं?

अधूनमधून एक वेगळीच पत्रिका लागत होती. तिच्यात किरण नाही, D नाही, दुभाजक नाही. BC पाचाची, B वरून पाचाचा कंस, C वरून पाचाचा कंस, ते जिथे छेदले तो A. संपलं. पायऱ्या तीन ओळींच्या, समर्थन कोरं. पहिल्या पत्रिकेवर मी लाल शाईने लिहिलं, 'पाच कुठून आले?' आणि शून्य दिलं. दुसरीवर फक्त शून्य. तिसरीला पंख्याकडे पाहून उसासा टाकला. अशा पत्रिका दहाबारा निघाल्या.

दुपारी नरहरी सर आले. ते दर गठ्ठ्यातून मूठभर पत्रिका उचलून फेरतपासणी करतात. हा माणूस मुळात गणिताचाच, मुख्याध्यापक झाला तरी नववीचा पेपर स्वतः काढायची हौस सुटलेली नाही. पुढल्या वर्षी निवृत्त होणार. आम्ही पंचवीस वर्षं एकाच छताखाली खडू झिजवले, त्यांच्या मुलीच्या लग्नात मी वाढायला उभी होते. त्यांच्या हाती नेमक्या त्या पत्रिका लागल्या. एक पाहिली, दुसरी पाहिली, आणि चष्मा काढून म्हणाले, "इंदू मॅडम, जरा ऑफिसात या. क्षमा मॅडमलेबी बोलवा."

ऑफिसात कूलर चालू होता, पण पाणी संपलेला. नरहरी सरांनी त्या पत्रिका टेबलावर पत्त्यांसारख्या मांडल्या.

"क्षमा मॅडम, पेपरच्या झेरॉक्सले मी कोणाले पाठवलं होतं?"

"मले, सर."

"मंग तुमच्याच वर्गातल्या पोट्ट्यायले सगळ्या बाजू पाच येते हे कसं मालूम पडलं? प्रश्नात पाच एकच बाजू हाय. बाकी दोनची फक्त बेरीज देली. किरण नाई, दुभाजक नाई, सीधा उत्तर. हे उत्तर कोणीतरी सांगितल्याबिगर येत नाई."

क्षमाचा चेहरा उतरला. "मी नाई सांगितलं, सर. पेपर पाहिला पण नाई मी. पाकीट तसंच आणून देलं."

"पाकीट उघडल्याबिगर झेरॉक्स कसं होते बाई?"

दुकानात उभं राहून कागद मशिनीतून निघताना डोळे मिटून घेणारी शिक्षिका अजून जन्माला यायची आहे. नरहरी सर माझ्याकडे वळले. "कमिटीची मीटिंग सोमवारी हाय. क्षमा मॅडमची फाइल त्याच दिवशी येते. मी कमिटीच्या सचिव साहेबाले फोनवर सांगून टाकलं का पेपर फुटल्याचा शक हाय. तुमी सीनियर हा. या कापी पाहून लिहून द्या. तुमी म्हणसान तसं."

तुम्ही म्हणाल तसं. म्हणजे बंदूक त्यांची आणि खांदा माझा. मला त्या क्षणी फक्त घरी जाऊन पाय वर करून पडायचं होतं. मी पत्रिका उचलल्या.

क्षमा माझ्यामागून स्टाफरूममध्ये आली. ती रडत नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं. रडणाऱ्या माणसाला पाणी देता येतं.

"दीदी, तुमालेबी वाटते का?"

"मले अजून काईच वाटून नाई राहिलं," मी म्हटलं. "बस. पाहू दे."

मी पत्रिका एकेक करून उजेडात धरल्या. मागून अंगठा फिरवला. दोन पत्रिकांत टेंगूळच नव्हतं. कंस हाताने काढलेले, जरा लांबट, आणि C पासून मोजले तर कंसाचं एक टोक पाचावर आणि दुसरं साडेपाचावर. ते दोघे बाकावर मागे-पुढे बसणारे होते. नक्कल होती, पण ती शेजाऱ्याची. बाकीच्यांत B वर आणि C वर टोक चांगलं रुतलेलं, कंस एकाच दमात मारलेले. ज्याला उत्तर कानात सांगितलं गेलंय तो पोरगा इतका स्वस्थ हाताने कंस मारत नाही, घाई करतो.

मग उजव्या बाजूची कच्च्या कामाची पट्टी पाहिली. बहुतेकांनी ती रबराने घासून टाकली होती, पण तिथेही मागून टेंगूळ लागत होतं. म्हणजे आधी तिथे कंपास चालला होता. एकीने नीट खोडलं नव्हतं. मीनल नावाच्या मुलीची पत्रिका. अर्धवट पुसलेला लहानसा त्रिकोण, त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच, आणि कोनात साठ लिहून पुढे टिक.

"क्षमा," मी विचारलं, "ही रचना तू कशी शिकवते?"

"पुस्तकात हाय तशीच."

"पुस्तकात हाय तशी मी शिकवते. तू कशी शिकवते?"

"पोट्ट्यायले बेरीज समजत नाई, दीदी. दहा दिसलं का AB च दहाची काढून टाकते. मंग मी त्यायले म्हणते, पहिले कच्च्यात आधा-आधा करून पाहा. दहा हाय तर पाच-पाच घ्या. त्रिकोण काढा, B चा कोन चांद्यानं मोजा. कोन बरोबर नाई आला तर समजून घ्या का बाजू सारख्या नाई, आता लंबा रस्ता घ्या. त्यानं त्यायले समजते का बेरीज म्हणजे एक बाजू नाई, दोन बाजूयची वाटणी हाय."

"आणि बरोबर आला तर?"

"बरोबर येत नाई नं कधी. पुस्तकातल्या एकाबी प्रश्नात येत नाई."

मी कंपास घेतला. कोरा कागद ओढला आणि नरहरी सरांचा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा स्वतः सोडवला. इतक्या पत्रिका तपासल्या, एकदाही काढून पाहिला नव्हता. BC पाच. साठ अंश. किरणावर दहा. DC जोडली, चार कंस मारले, दुभाजक ओढला. तो BD च्या बरोबर मध्यावर उतरला. A पासून B पाच. A पासून C पाच. समभुज त्रिकोण. पाया पाच, बाकी दोघांची बेरीज त्याच्या दुप्पट, आणि कोन साठ. दुसरं काही येऊच शकत नव्हतं. ज्या पोरांनी लांबचा रस्ता घेतला त्यांच्याही पत्रिकांत हाच समभुज त्रिकोण होता, आणि मी त्यावर टिक करत सुटले होते. चौथीतलं पोरही ओळखेल असा त्रिकोण मला दिसला नाही, कारण मी कंस मोजत होते. मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटायचाही कंटाळा आला.

क्षमा कागदाकडे बघून खाली बसली. "म्हणजे कच्च्यात कोन साठच आला त्यायचा. म्हणून पुढे गेलेच नाई."

"हव," मी म्हटलं. "तुझ्या आधा-आधानं घात केला तुझा."

दुसऱ्या दिवशी शनिवार. मीनलला घरून बोलावून घेतलं, ती दोन गल्ल्या सोडूनच राहते. वडील कारखान्यात, घरात मराठी बोलतात, पण ती उत्तर हिंदीत देते, या हिंदी मुलखातल्या आजकालच्या सगळ्या पोरांसारखं. नरहरी सरांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर तिला कागद आणि कंपास दिला. क्षमाला मी मुद्दाम दाराबाहेर उभं केलं, म्हणजे नंतर कुणी म्हणू नये की डोळ्यांनी खुणा केल्या.

"BC सहा," मी गेल्या वर्षीच्या पेपरातले आकडे सांगितले. "B साठ. AB आणि AC मिळून नऊ. काढ."

ती घाबरली होती. तरी पहिल्यांदा तिने कागदाच्या उजव्या कडेला सहाची रेघ काढली. साडेचार, साडेचार असं पुटपुटत दोन कंस मारले, त्रिकोण जोडला, चांदा लावला. वाकून बघितलं.

"ये तो अड़तालीस के आसपास है, साठ नहीं," ती म्हणाली. "तो लंबा वाला करना पड़ेगा, मैडम."

आणि मग कागदाच्या मध्ये तिने अख्खी रचना केली. किरण, नऊवर D, DC, वर-खाली कंस, दुभाजक. AB मोजली तर पावणेचारच्या जवळ, AC सव्वापाचच्या जवळ. बेरीज नऊ. तिने सवयीने कच्चं काम खोडायला रबर उचललं, ते मी तिच्या हातातून काढून घेतलं.

"परीक्षेत असं काहून नाई केलं?" नरहरी सरांनी विचारलं.

"उसमें साठ आ गया था सर. तो हो ही गया था."

तिला घरी पाठवलं. नरहरी सरांनी तो कागद जवळ ओढला. मुलांना वर्षानुवर्षं रचना शिकवलेला माणूस, त्यांना आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण माणूस कळल्यावर लगेच कबूल होत नाही.

"ठीक हाय," ते म्हणाले. "पण पाच काहून घेतलं ते लिहिलं नाई नं त्यायनं. समर्थन कोरं हाय. शंका तर राहतेच. मी लिहितो का आरोप सिद्ध नाई झाला. बस?"

आरोप सिद्ध नाही झाला. हे वाक्य फाइलला लागलं की कंत्राटी बाईचं काय होतं, हे मला माहीत आहे. कुणी काढत नाही. फक्त पुढे ढकलत नाहीत.

"सर, तुमचं आदर्श उत्तर द्या जरा," मी म्हटलं.

"ते कशाले?"

"तपासायचं हाय."

त्यांनी फाइलीतून काढून दिलं. त्यांच्याच सुंदर हाताची आकृती, पेन्सिलीने, सगळे कंस जागच्या जागी. मी माझी पट्टी ठेवली. BC वर पाच लिहिलेलं होतं, मोजमाप सहा भरलं. BD वर दहा लिहिलं होतं, मोजमाप नऊ. A मध्यावर नव्हता, B च्या बाजूला सरकलेला. गेल्या वर्षीची आकृती होती ती, गेल्या वर्षी आकडे सहा आणि नऊच होते. यंदा सरांनी आकडे तेवढे खोडून गोल, सोपे घातले, आकृती तशीच राहू दिली. नवीन आकड्यांनी त्रिकोण काढून पाहिलाच नाही. इतकी वर्षं पेपर काढणारा माणूस काढून कशाला पाहील?

मी लाल पेन काढलं. कोनाचे कंस बरोबर, एक. D चं अंतर एक सेंटिमीटरने चूक, माफी दोन मिलिमीटरची, शून्य. दुभाजक बरोबर, एक. पायऱ्या लिहिलेल्या, एक. समर्थन बरोबर, पण आकृतीला लागू नाही, कारण तिच्यात बेरीज दहा नाहीच, शून्य. पाचपैकी तीन. खाली मी सही केली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

हे करताना मला मजा आली असं कुणाला वाटेल. नाही आली. ज्या माणसाने मला कंस कसे तपासायचे ते शिकवलं, टेंगूळ शोधायला अंगठा फिरवायचं ज्याने दाखवलं, त्याच्याच कागदावर मी लाल रेघ ओढत होते.

नरहरी सरांनी स्वतःची पट्टी काढली. BC मोजली. परत मोजली. मग म्हणाले, "पुरेच झालं आता माह्यं."

"होते सर असं."

"होत नाई. माह्याकडून नाई होत." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "सचिवाले आता काय सांगू? का मुख्याध्यापकाचाच आकडा चुकला?"

"तेच सांगा. नाई तर मी लिहून देते. तुमीच म्हटलं न, तुमी म्हणसान तसं."

त्यांनी क्षमाला आत बोलावलं. उभ्यानेच त्यांनी कागदावर लिहिलं, मी प्रश्नात घातलेल्या आकड्यांमुळे त्रिकोण समभुज होतो, विद्यार्थ्यांची रीत ग्राह्य आहे, पेपर फुटलेला नाही, शिक्षिकेवर कुठलाही ठपका नाही. सही केली, शिक्का मारला. सरळ, स्वच्छ वाक्यं. त्यात त्यांनी स्वतःचं नाव टाळलं नाही, हे मी मानते.

"पण एक गोष्ट, क्षमा मॅडम," पेन बंद करत ते म्हणाले. "हे आधा-आधा बंद करा. पुढच्या साली दहावीले बोर्डाचे कापी तपासणारे इंदू मॅडम नसतीन. ते कंस पाहतीन, किरण नाई दिसला का शून्य देऊन मोकळे होतीन. पुस्तकात हाय तसंच शिकवा. मले तुमच्याकडून लिहून नाई पायजे. तोंडानं हव म्हणा."

क्षमाने माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं की ती माझ्या तोंडून 'नाही' ऐकायला बघतेय. तीस वर्षांत माझ्या डोक्यात न आलेली युक्ती या पोरीला सुचली होती. पोरं त्यामुळे बेरीज म्हणजे काय ते समजत होती. मीनलने आत्ताच आमच्या डोळ्यांदेखत ते दाखवलं होतं. आणि नरहरी सर बोलले त्यातही एक अक्षर खोटं नव्हतं. कालपर्यंत मीच शून्य देत होते की.

सोमवारी मीटिंग होती.

"हव म्हण, क्षमा," मी म्हटलं.

"हव सर," ती म्हणाली.

तिचं कंत्राट वर्षभर वाढलं. ती पेढे घेऊन घरी आली, माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला वरच्या वर धरलं. आम्ही दोघी त्या विषयावर बोललो नाही. उकाड्यावर बोललो.

पत्रिका दाखवायच्या दिवशी मी 'ब' वर्गाच्या व्हरांड्यात उभी होते. त्या सगळ्या पत्रिका मी पुन्हा तपासल्या होत्या. त्या दोन नक्कलवाल्यांचं शून्य तसंच ठेवलं, बाकीच्यांना तीन दिले. रचना बरोबर, पण पाच कुठून आले ते ना पायऱ्यांत होतं ना समर्थनात, म्हणून त्या दोन्हींचा एकेक, असे दोन कापले. रीत मान्य केल्यावर कुणीही एवढेच कापले असते. मीनल पत्रिका घेऊन क्षमाच्या टेबलाशी गेली.

"मैडम, दो नंबर क्यों कटे?"

"पाच क्यों लिया वो नहीं लिखा तूने. लिखना था, आधा-आधा करके देखा, कोण साठ आया, इसलिए."

"लिखती तो पूरे मिलते?"

"मिलते," क्षमा म्हणाली. मग गठ्ठा सरळ करत, "पर अब दसवीं में ऐसा मत करना. किताब वाला ही करना."

"सही है तो क्यों नहीं करना?"

क्षमाने पुढची पत्रिका उचलली, नाव वाचलं, परत खाली ठेवली. तिने दाराकडे पाहिलं आणि मी तिला दिसले. मला आत जाऊन उत्तर देता आलं असतं, मी सीनियर आहे, माझं कंत्राट संपत नाही, मला कुणी काढू शकत नाही. मी गेले नाही.

"किताब में नहीं है इसलिए," क्षमा म्हणाली. "जा, बैठ."

मीनल जागेवर जाऊन बसली, आणि मी खाली माझ्या वर्गाकडे गेले.